तेरा महिने की तेरा वर्षं?

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

महाभारत खरं की काल्पनिक यावरून तुझ्या ऑफिसात दोन पक्ष पडलेत, म्हणून रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, महाभारत खरंच घडलं होतं का, एवढंच सांग." कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या म्हणून मी टाळलं. खरं कारण असं, की 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होणं मला जमेना.

तुझा प्रश्न चुकीचा नाही. 1950 ते 1952 या काळात ब्रजबासी लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केलं. तिथे चित्रं काढलेली राखाडी भांडी सापडली आणि गंगेच्या पुरानं वस्तीचा भाग वाहून गेल्याच्या खुणाही दिसल्या. पुराणांत तर लिहिलंच आहे, की गंगेनं हस्तिनापूर नेल्यावर पांडवांचा वंशज निचक्षू राजा कौशांबीला गेला. हे जुळतं तेव्हा मलाही गंमत वाटते. पण त्या मातीतून फार तर गाव होतं एवढं कळेल. वनवासातली माणसं एकमेकांशी काय भांडली, ते त्यातून कळायचं नाही, आणि मी पोथी उघडतो ती त्या भांडणासाठी.

आपण महाभारताला इतिहास म्हणतो खरे, पण त्या ग्रंथात हा शब्द कसा येतो ते बघ. 'अत्राप्युदाहरन्तीममितिहासं पुरातनम्', म्हणजे याबाबत हा जुना इतिहास उदाहरण म्हणून सांगतात. ही ओळ पुन्हापुन्हा येते. शांतिपर्वात भीष्म हीच ओळ म्हणतात आणि पुढे काय सांगतात? वडाच्या झाडाखालच्या मांजराची आणि उंदराची गोष्ट! शत्रूशी कधी जुळवून घ्यावं ते शिकवायला. तो उंदीर होता का, असं तिथे कुणी विचारत नाही.

वनपर्वात हीच ओळ द्रौपदीच्या तोंडी आहे. पांडव द्वैतवनात आहेत. द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, भीम असा मळलेला, नकुल-सहदेव असे रानात, आणि तुला राग कसा येत नाही? मग ती प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगते. बळी आजोबांना विचारतो, क्षमा चांगली की तेज? प्रल्हाद सांगतो, सतत तेजही बरं नाही आणि सतत क्षमाही बरी नाही. कायम क्षमा करणाऱ्याला नोकरसुद्धा जुमानत नाहीत. द्रौपदीला ही गोष्ट कधी घडली याच्याशी घेणं नाही. नवऱ्यानं आता उठावं की नाही, एवढं तिला त्यातून ठरवायचं आहे.

युधिष्ठिर तिला क्षमेचं महत्त्व सांगतो. ती आणखी चिडते आणि म्हणते, देव माणसाला लाकडी बाहुलीसारखं नाचवतो. युधिष्ठिर म्हणतो, हे नास्तिकाचं बोलणं झालं; मी फळासाठी धर्म पाळत नाही, द्यायचं म्हणून देतो, यज्ञ करायचा म्हणून करतो. तेव्हा ती सांगते, मी दुःखात आहे म्हणून हे बडबडते आहे असं समज. पण गप्प बसत नाही. माणसानं हातपाय हलवलेच पाहिजेत, हे ती नेटानं मांडते आणि शेवटी सांगते, की ही बृहस्पतीची नीती माझ्या वडिलांनी घरी ठेवलेल्या एका ब्राह्मणाकडून ऐकली, मी वडिलांच्या मांडीवर बसले होते तेव्हा. त्या जागी मी प्रत्येक वेळी थांबतो. का ते तुला सांगायला नको.

मग भीम येतो. माझी उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे हा भाग मला जरा जास्तच आवडतो. अट होती बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. भीम म्हणतो, आपले तेरा महिने वनात झाले, तेच तेरा वर्षं धर. यज्ञात सोम ही वनस्पती मिळाली नाही तर तिच्या जागी पूतिका ही दुसरी वनस्पती चालते ना, तसाच महिना वर्षाच्या जागी चालतो. आणि पाप लागेल अशी भीती असेल, तर ओझं वाहणाऱ्या एखाद्या गुणी बैलाला पोटभर खाऊ घाल, सुटशील! ऑडिटला असा खुलासा मी कितीदा वाचला असेल. नियमाचा शब्द शाबूत, नियम मात्र गायब.

युधिष्ठिराचं उत्तर भाबडं नाही. तो आधी कबूल करतो, की दुर्योधनाचं राज्य मिळवावं म्हणून मीच फासे हातात घेतले. मग म्हणतो, मी सभेत शब्द दिला आहे. आणि भीम ऐकेना तेव्हा व्यवहार काढतो: भीष्म, द्रोण, कर्ण, भूरिश्रवा तिकडे आहेत, आज लढून जिंकशील का? म्हणजे कर्तव्य आणि अडचण एकाच माणसाच्या तोंडी. वाद निकालात निघतच नाही. व्यास येतात, अर्जुनासाठी विद्या देतात आणि अर्जुन अस्त्रं आणायला निघतो. म्हणजे शब्दही पाळायचा आणि तयारीही करायची. द्रौपदीचं म्हणणं वाया गेलं नाही. 'युधिष्ठिर चांगला, द्रौपदी रागीट' असं कुणी शिकवलं, तर त्यानं हे अध्याय वाचलेले नाहीत असं खुशाल समज.

पुढे विराटपर्वात हाच हिशेब उलटा येतो. अर्जुन ओळखला जातो आणि मुदत पुरी झाली का, हा प्रश्न उभा राहतो. भीष्म सांगतात, दर पाच वर्षांनी दोन महिने वाढतात, म्हणून पाच महिने बारा रात्री जास्तच झाल्या आहेत. प्राचीन पंचांग कसं चालायचं हे शोधणाऱ्याला हा श्लोक सोन्यासारखा, आणि तो शोध त्यानं जरूर घ्यावा. मी तिथे वेगळं वाचतो. भीष्म त्या दिवशी दुर्योधनाच्या बाजूला उभे आहेत आणि मोजणी मात्र पांडवांच्या बाजूची सांगतात.

याच वनवासात युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी कुणी असेल का? ते त्याला रामाची गोष्ट सांगतात. वनवासातल्या राजाला दुसऱ्या वनवासातल्या राजाची! आपल्याला वाचायचं कसं, ते ग्रंथानंच दाखवून ठेवलं आहे असं मला वाटतं.

कुठला श्लोक जुना आणि कुठला नंतरचा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वनपर्वाचा खंड विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादित केला. शक्य तितका जुना पाठ शोधणं हे त्यांचं काम होतं. हे युद्ध घडलं का, याचा निवाडा देणं नव्हे. तुझ्या ऑफिसातल्या दोन्ही पक्षांना हे सांगून बघ, दोघंही नाराज होतील.

आई म्हणते, बैलाचं सोड, द्रौपदीचंच बरोबर होतं. मी अजून मान्य केलेलं नाही. दिवाळीला येशील तेव्हा तिच्याशीच बोल. सर्दी गेली का ते कळव.

तुझा,
बाबा