बेल वाजली कशी?

खानापूर,
१८ मे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ताण नको, म्हणून हे पत्र बाबा तुला वाचून दाखवतील. बाबा, जरा सावकाश वाचा. मध्ये एका ठिकाणी तुम्हाला दोघांनाही थांबून विचार करायचा आहे.

ओंकार इथे मजेत आहे, दादा-वहिनीला सांगा. पुण्याहून आल्यापासून त्याने फणसाचे गरे इतके खाल्ले की शेवटी मी सूप उचलून माडीवर ठेवलं. पण पत्र त्यासाठी नाही. परवा रात्री त्याचं आणि सईचं जे भांडण झालं, ते तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं.

दोघं महिनाभर टीव्हीवर एक रहस्यमालिका बघत होते. परवा तिचा शेवटचा भाग होता. साडेआठच्या सुमारास वळवाने गाठलं. आधी धूळ उडाली, मग टपोरे थेंब, आणि मळप्रभेच्या बाजूने असा कडकडाट झाला की गाय दावं ओढायला लागली. पडद्यावरचा तपास अधिकारी सगळ्यांना वाड्याच्या सोप्यात बसवून म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे." आणि लाइट गेली. कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं, म्हणजे रात्रभराची निश्चिंती. मोबाइलला रेंज नाही. मी मेणबत्ती लावली आणि दोघं तिच्या दोन बाजूंना बसून वकिलांसारखे भांडायला लागले.

आता कथा सांगते, नीट ऐका. वाड्यातले म्हातारे अण्णा साडेनऊ वाजता त्यांच्या खोलीत मेलेले सापडतात. नको ते औषध अंगात गेलंय, पण ते पोटातून गेलंय की सुईने रक्तात गेलंय, हे डॉक्टरला सांगता येत नाही. तो एवढंच सांगतो, की हे औषध कसंही गेलं तरी जीव जायला निदान एक तास लागतो. अण्णांच्या खोलीत त्या संध्याकाळी दोनच माणसं गेली होती. धाकट्या सुनेने आठ वाजता दुधाचा पेला नेऊन दिला. आणि रोज इंजेक्शन द्यायला येणारा कंपाउंडर त्या दिवशी उशिरा आला. तो म्हणतो, "मी नऊला आलो. बेल दाबली, धाकट्या वहिनींनी दार उघडलं." नऊ ते साडेनऊ अर्धाच तास. म्हणजे कंपाउंडर सुटला आणि सून अडकली.

ओंकारचं म्हणणं हेच. "सूनच आहे. वेळेचा हिशोबच तसा आहे." आणि वर त्याचं असं, की शेवटच्या भागाआधी तिला फार गरीब दाखवली, म्हणजे तीच असणार. हे दुसरं कारण मला पटलं नाही आणि मी तसं बोलले. ती लेखकाच्या मनाची अटकळ झाली, पुरावा नव्हे. बाबा, वाचनालयातल्या त्या पुस्तकाचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं, मी रडायला लागले होते, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "लेखक प्रामाणिक असेल तर खुनी आधीच्या पानांत आहे, परत वाच." आठ दिवस लागले मला. इंग्लंडातल्या रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यातला आठवा असाच आहे: तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो वाचकालाही त्याच क्षणी दिसला पाहिजे. तो मी पुष्कळ वर्षांनी वाचला, तेव्हा तुमचीच आठवण झाली.

तर सई म्हणाली, "दूध तिनंच दिलं, खरं–"

"खरं ना? मग मान्य कर!" ओंकार उसळला.

"खरं म्हणजे मान्य नव्हे रे. खरं म्हणजे पण!"

पुण्याच्या पोराला आपलं 'खरं' कुठून कळणार? त्याला वाटलं, हिने कबुली देऊन परत शब्द फिरवला. पाच मिनिटं तर याच्यावरच गेली. मी समजावलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, मग इथे खरं बोलायचं असेल तर काय म्हणता?" सई म्हणाली, "खरंच म्हणतो." दोघंही गंभीर होती.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. दारात उभ्या राहून सवयीने त्यांनी बेलचं बटण दाबलेलं असणार, कारण नंतर कडी वाजली आणि आवाज आला, "लाइट नाही हे इसरूनच गेले बघ मी. काडेपेटी हाय काय गं?" मी काडेपेटी देऊन परत आले तर सई उभी राहिली होती.

"ओंकार, त्या रात्री वाड्यातली लाइट किती वाजता गेली?"

"साडेआठला. आजीने कंदील लावला तेव्हा घड्याळ दाखवलं होतं."

"मग नऊला बेल वाजली कशी?"

आई, मला अंगावर काटा आला. महिनाभर सगळे बघत होतो आणि कुणाच्या कानाला ते खटकलं नव्हतं.

ओंकार हरला नाही, आणि त्याने घेतलेल्या हरकती खरोखर चांगल्या होत्या. पहिली, इन्व्हर्टरची. पुण्यात लाइट गेली तरी त्यांच्या घरची बेल वाजते. हे म्हणाले, "बरोबर आहे. इन्व्हर्टरवर दिव्या-पंख्यांची लाइन घेतात, बेल बहुतेक त्याच लाइनवर असते." सई म्हणाली, मग कंदील कशाला लागला? ओंकार म्हणाला, तो नुसता दिसायला छान म्हणून दाखवला असेल. सईने थोडा विचार केला आणि तिला आठवलं: कंदील लावताना आजी पदराने वारा घेत म्हणते, "पंखा पण गेला, जीव उकडून जाईल." इन्व्हर्टर असता तर पंखा थांबला नसता. ही हरकत मिटली.

दुसरी, सेलवर चालणाऱ्या बेलची. अशा बेला मिळतात आणि त्या अंधारातही वाजतात. इथे सई अडली. मेणबत्ती अर्धी झाली तरी तिला उत्तर सुचेना. मग ओंकारलाच, स्वतःच्या बाजूविरुद्ध, आठवलं की दुसऱ्या दिवशी पहाटे लाइट यायच्या आधी दूधवाला येतो, बेल दाबतो, वैतागतो आणि कडी वाजवतो. पोराने ते लपवलं नाही, लगेच सांगितलं. बाबा, मला त्याचा फार अभिमान वाटला. सेलची बेल असती तर दूधवाल्यालाही वाजली असती.

यातच आणखी एक गोष्ट उलगडली. बेल हा लेखकाचा नजरचुकीचा घोळ आहे की मुद्दाम ठेवलेला धागा, हे कसं ओळखायचं? चूक एकदाच येते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. धागा मात्र दुसऱ्यांदा येतो, वेगळ्या माणसाच्या हातून, वेगळ्या कामासाठी असल्यासारखा. दूधवाल्याच्या त्या वैतागाला कथेत दुसरं काहीही कारण नव्हतं.

म्हणजे नऊला बेल वाजली नाही हे पक्कं. पण मग कंपाउंडरने बेलचं खोटं का रचलं? नुसतं "आलो" म्हणाला असता तरी चाललं असतं. मला वाटतं, त्याने रचलं नाहीच. बेल त्याने खरंच दाबली होती आणि ती वाजलीही होती, फक्त साडेआठच्या आधी. त्याने खरी घडलेली गोष्ट उचलून नऊवर नेऊन ठेवली, आणि बेल तिच्याबरोबर चिकटून आली. सव्वाआठला इंजेक्शन दिलं असेल तर साडेनऊपर्यंत सव्वा तास होतो. डॉक्टरच्या तासात तो आरामात बसतो.

सई नाचायलाच लागली. खरं (आपलं खरं!) ओंकारने शेवटचा प्रश्न विचारला आणि आम्ही सगळे गप्प झालो. "आत्या, सुनेनेही कबूल केलंय की बेल वाजली म्हणून. नऊची वेळ खोटी असेल तर ती अडकतेय त्या खोट्यामुळे. मग ती त्याच्या खोट्याला हो का म्हणेल? स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतं?"

ती दोघं मिळून असतील, असं सई म्हणाली, पण तिचं तिलाच पटलं नव्हतं. मिळून असती तर कंपाउंडर सुटावा आणि आपण अडकावं, असा बेत सुनेने का मान्य केला असता? मला त्या क्षणी तू आठवलीस, आई. रेडिओवर श्रुतिका लागली की भाकरी थापता थापता तू म्हणायचीस, "माणूस काय बोललं ते सगळेच ऐकतात. काय बोललं नाही ते ऐक." मी मुलांना विचारलं, सून नेमकं काय म्हणाली होती? शब्द सांगा.

दोघांचे शब्द वेगळे आले. ओंकारच्या मते ती म्हणाली, "नऊला बेल वाजली, मी दार उघडलं." सईच्या मते फक्त, "बेल वाजली, मी दार उघडलं." सगळा खटला त्या एका "नऊला" वर येऊन थांबला. वेळ ती स्वतः बोलली असेल तर ती खोटं बोलतेय. बोलली नसेल तर ती अक्षरन् अक्षर खरं बोललीय, वेळ कंपाउंडरने आधी सांगून ठेवली होती आणि अधिकाऱ्याने तिला परत विचारलीच नाही. मेणबत्ती संपली तरी दोघं अंधारात हेच घोकत होती. ओंकार शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपला. सई माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "आई, माझी आठवण चुकली असली तर?"

लाइट सकाळी सात वाजता आली. रेंजही आली. मला वाटलं, आता शेवटच्या भागावर उड्या पडतील. तसं झालं नाही. तोंडंही न धुता दोघांनी मोबाइलवर आधी चौथा भाग लावला, सुनेच्या जबानीचा. ते वाक्य त्यांनी तीनदा ऐकलं. ती परातीत पीठ मळतेय, नजर पिठावर आहे, घड्याळ तिच्या पाठीमागे आहे. आणि ती म्हणते, "बेल वाजली, मी दार उघडलं." एवढंच. ओंकारने काही न बोलता सईला मोठा गरा सोलून दिला.

मग त्यांनी शेवटचा भाग बघितला. त्यात काय निघालं ते मी इथे लिहीत नाही. सोबत एक छोटं पाकीट आहे, सईने त्याला डिंक लावलाय आणि वर ओंकारने सही केलीय. बाबा, तुम्ही आणि आईने आपापल्या कागदावर खुन्याचं नाव लिहायचं, कारण लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही, आणि मगच ते उघडायचं. आईच्या कागदावरचं नाव तिने सांगावं आणि दादाने लिहावं, तुम्ही नाही. तुम्ही वाचून घ्याल.

कागद परत पाठवा. दोघं पोस्टमनची वाट बघणार आहेत.

तुमची,
मंजू