आधी मागचे केस तपासा

महोदय,

वहिनीचा भांग रुंदावला, वेणी करंगळीएवढी झाली. एका क्लिनिकने नुसतं टाळूकडे पाहून केसरोपणासाठी तीन हजार ग्राफ्टचा, म्हणजे मुळासकट काढून लावायच्या केसांच्या पुंजक्यांचा, खर्च सांगितला. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी भिंग धरलं ते डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथेही जाड केसांमध्ये लवेसारखे बारीक केस होते. पुरुषांचे मागचे केस बहुधा टिकतात, म्हणून तेच काढून पुढे लावतात. बाईचे मागचेही विरळ होत असतील, तर लावलेले केसही पुढे तसेच बारीक होतात. शिवाय शस्त्रक्रियेच्या धक्क्याने शेजारचे मूळचे केस गळू शकतात. वहिनीला आधी थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी सांगितली, मग मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध. पहिल्या क्लिनिकमध्ये भिंग नव्हतं काय?

– एक वाचक, सातारा