शेजाऱ्यांना दिवाळीची चिठ्ठी

प्रिय नीलू,

तोरिनोच्या शेजाऱ्यांसाठी लिहिलेला तुझा इटालियन मजकूर वाचला. व्याकरण बिनचूक आहे, पण वाचताना सरकारी शुभेच्छापत्र हातात पडल्यासारखं वाटतं. ‘आपणा सर्वांस ही दिवाळी सुखसमृद्धीची, भरभराटीची जावो’ हे आपल्याकडे शोभतं. तिथे मित्रांना ‘बुओन दिवाली’ एवढंच पुरतं. मायेची माणसं शेवटी ‘उन आब्ब्राच्चो’, म्हणजे एक मिठी, असं लिहितात.

एक शब्द मात्र काढच. पणत्यांना तू ‘लुमिनी’ म्हटलंयस. तिथे लुमिनी म्हटलं की कबरीवर लावायचे दिवे आधी आठवतात. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, २ ला मृतांचा, आणि आपली दिवाळी बहुधा त्याच्या मागेपुढेच येते. त्याऐवजी ‘लाम्पादे आ ओलियो’ लिही, तेलाचे दिवे. शेवंतीचंही तसंच. आपण तिचं तोरण बांधतो, तिथे ती स्मशानात वाहायची फुलं. स्वतःच्या दाराला खुशाल बांध, पण फराळाच्या ताटाबरोबर कुणाच्या हातात देऊ नकोस.

नरकासुराची गोष्टही चिठ्ठीत नको. अंगठ्याखाली कारीट का चिरडायचं हे कागदावर समजावता येत नाही, ते गप्पांत सांग. पहाटेचं अभ्यंगस्नान आणि पोरांचा किल्ला एवढं पुरे. किल्ला त्यांना चटकन कळेल, कारण नाताळात तेही घरोघरी प्रेसेपे मांडतात: डोंगर, गोठा, मेंढपाळ, बाळ येशू. आपल्याकडे मावळे आणि शिवाजी महाराज, इतकाच फरक.

मी असं लिहिलं असतं:

‘कारी आमीची, दा नोई ए दिवाली, ला फेस्ता देल्ले लूची. ची सी आल्त्सा प्रीमा देल्लाल्बा, ची सी मास्साज्जा कोन ओलियो प्रोफुमातो, पोई बान्यो काल्दो ए कोलात्सियोने तुत्ती इन्सिएमे. ई बाम्बीनी कोस्त्रुइस्कोनो उन कास्तेल्लो दी तेर्रा कोन ले स्तातुइने, उन पो कोमे इल व्होस्त्रो प्रेसेपे. व्ही लाशामो उन आस्साज्जो. बुओन दिवाली! उन आब्ब्राच्चो.’

म्हणजे: मित्रांनो, आमच्याकडे आज दिवाळी, दिव्यांचा सण. पहाटेआधी उठायचं, सुगंधी तेल चोळायचं, मग गरम पाणी आणि सगळ्यांनी मिळून फराळ. मुलं मातीचा किल्ला करतात, बाहुल्या मांडतात, थोडा तुमच्या प्रेसेपेसारखा. तुमच्यासाठी चवीपुरतं ठेवून जातोय.

‘आम्ही उठतो’ असं न लिहिता ‘ची सी आल्त्सा’ का, असं विचारशील. घराघरातली रीत सांगताना ती माणसं असंच बोलतात, आपण ‘पहाटे उठायचं’ म्हणतो तसं.

चिवड्यात शेंगदाणे आहेत, काजू घातलेस तर तेही, हे खाली वेगळं लिही. कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते. चकलीला नाव देऊन वर ‘स्पिराली सालाते’ लिहिलंस की पुरे, शंकरपाळ्यांना तेही नको. कार्निवालातल्या कियाक्किएरे त्यांच्या सवयीच्या, तेही तळलेलं गोड पीठच. आपले फक्त जाड आणि बिनअंड्याचे.

चिठ्ठी हातानेच लिही. आणि हो, मोडक्या चकल्या घरी ठेव, अख्ख्या त्यांना.

तुझी,
मेधा