वहिनींचे वीस लाख आणि साडेसहा टक्के

महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावर दर आठवड्याला बँकांच्या मुदत ठेवींचे दर चौकटीत छापले जातात. त्या चौकटीशेजारी आणखी एक छोटी चौकट असावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एकदा रक्कम भरली की मरेपर्यंत पेन्शन देणाऱ्या अ‍ॅन्युइटीचे दर त्यात असावेत. मी एका आयुर्विमा कंपनीच्या पेन्शन विभागात सव्वीस वर्षं काम केलं. तरीही माझ्या घरातच जे झालं ते मला वेळेवर थांबवता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे थोरले भाऊ गेले तेव्हा वहिनी सहासष्ट वर्षांच्या होत्या. फंड, ग्रॅच्युइटी आणि थोडी शिल्लक मिळून वीस लाख त्यांच्या हातात आले. मूलबाळ नाही. घर स्वतःचं, दर महिन्याची औषधं ठरलेली. ओळखीतला एक एजंट घरी आला आणि त्याने पुढे ठेवलेल्या कागदावर दोन रकाने होते. पहिल्यात दर नऊ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात साडेसहा. वहिनींनी चष्मा पुसून एकच विचारलं, "माझ्यामागे हे पैसे बुडतात का?" पहिल्यात काहीच मागे राहत नाही आणि दुसऱ्यात पूर्ण रक्कम नॉमिनीला मिळते, असं तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही. वहिनींनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं, नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव घातलं आणि सही केली. मला हे कळलं तेव्हा सात महिने उलटून गेले होते. पॉलिसी विनाअट परत करण्याची मुदत तीस दिवसांची असते, तीही केव्हाच सरली होती.

आता हा दर ठरतो कसा, ते सांगतो.

तुम्ही भरलेल्या रकमेतून कंपनी मुख्यतः दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेते. आपल्याकडे तीस-चाळीस वर्षांचे रोखे असतात आणि 2023पासून पन्नास वर्षांचेही आले. त्या दिवशी त्या रोख्यांवर जे व्याज सुटतं, ते दराचं पहिलं टोक. त्यातून खर्च, एजंटाचं कमिशन आणि पुढच्या जोखमीसाठी काही भाग बाजूला काढला जातो. जोखीम खरी असते, कारण रोख्यांवर मिळणारं व्याज पुढची तीस वर्षं कुठल्या दराने गुंतवता येईल हे आज कोणालाच ठाऊक नसतं, आणि तुम्हाला दिलेला शब्द तर आजच पक्का झालेला असतो. म्हणूनच ज्या वर्षी पैसे भरता त्या वर्षाचा दर जन्मभर चिकटतो. 2014च्या सुरुवातीला दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, 2020च्या मध्याला ते सहाच्या जवळ आलं. सारख्याच रकमेवर या दोन वर्षांत निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनमध्ये कायमचा फरक पडला.

दुसरं टोक म्हणजे तुम्ही किती जगाल. यासाठी कंपन्या इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाने केलेला पेन्शनधारकांचा स्वतंत्र मृत्युदर तक्ता वापरतात. साध्या विम्याचा तक्ता इथे चालत नाही. ज्याला आपली तब्येत ठणठणीत आहे असं वाटतं, तोच स्वतःहून आयुष्यभराचं पेन्शन विकत घ्यायला येतो, आणि अशी माणसं खरोखर जास्त जगतात. वयाप्रमाणे दर बदलायला हवा हे आकड्यांनिशी प्रथम दाखवणाऱ्यांत धूमकेतूवाले हॅले होते. 1693 साली त्यांनी ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून हिशोब मांडला. तेव्हा इंग्लंडचं सरकार तरुणाला आणि म्हाताऱ्याला अशी पेन्शनं एकाच भावाने विकत होतं.

मृत्यूचा दराशी संबंध कसा येतो, ते एका वर्षाच्या हिशोबात दिसतं. ऐंशी वर्षांच्या शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख एका पेटीत टाकले आणि त्यावर सात टक्के व्याज मिळालं असं धरू. वर्षअखेर पेटीत एक कोटी सात लाख झाले. समजा त्या वर्षात पाच जण गेले आणि त्यांच्या घरी काही द्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं. उरलेल्या पंचाण्णव जणांत वाटणी केली तर प्रत्येकाला 1,12,600 रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे व्याज सातच टक्के असताना जगलेल्याला साडेबारा टक्क्यांहून थोडं जास्तच मिळालं. ही वाढ मुदत ठेव, पोस्ट किंवा रोखे कधीच देऊ शकत नाहीत, कारण तिथे प्रत्येकाची रक्कम वेगळी ठेवलेली असते.

आणि वहिनींनी निवडलेल्या रकान्यात हीच वाढ नाहीशी होते. कंपनीला त्यांचे वीस लाख एक ना एक दिवस पूर्ण परत करायचे आहेत, म्हणजे मुद्दलातला एक रुपयाही वापरता येत नाही. मग द्यायला उरतं फक्त व्याज. वहिनी सत्तरीत गेल्या काय आणि शंभरी गाठली काय, कंपनीच्या दृष्टीने बदलते ती फक्त वीस लाख परत करण्याची तारीख. हे पडताळून पाहायचं असेल तर कुठल्याही कंपनीचा तक्ता उघडा. खरेदी किंमत परत मिळणाऱ्या पर्यायात पन्नास, साठ आणि सत्तर वयाचे दर जवळपास सारखे दिसतील. परत न मिळणाऱ्या पर्यायात ते वयाबरोबर चढत जातात. साडेसहा टक्के व्याज आणि पेन्शनधारकांचं सर्वसाधारण आयुर्मान धरून मी ढोबळ हिशोब केला, तर पन्नाशीत साडेसात, साठीत सव्वाआठ आणि सत्तरीत दहा टक्क्यांच्या जवळ येतो. प्रत्यक्ष दर कंपनीनुसार आणि दिवसानुसार थोडे इकडेतिकडे असतील, पण चढण अशीच दिसेल. म्हणून सहासष्टाव्या वर्षी चुकीचा रकाना जेवढा महाग पडतो, तेवढा पन्नाशीत पडत नाही.

वहिनींचा हिशोब पाहा. वीस लाखांवर साडेसहा टक्के म्हणजे वर्षाला 1,30,000, महिन्याला 10,833 रुपये. नऊ टक्क्यांनी वर्षाला 1,80,000, महिन्याला पंधरा हजार. (दर महिन्याला पेन्शन घेतल्यास दर किंचित कमी होतो, ते सोडून देतो.) फरक वर्षाला पन्नास हजारांचा. म्हणजे वहिनी आपल्या मृत्यूनंतर पुतण्याला वीस लाख मिळावेत म्हणून दरवर्षी पन्नास हजारांचा हप्ता भरत आहेत. या नव्या विमा पॉलिसीचं नाव कागदावर कुठेही नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. 10,833 रुपयांत भागतं असं वहिनी म्हणत असतील, तर तेवढंच पेन्शन नऊ टक्क्यांच्या रकान्यातून मिळवायला साडेचौदा लाखांहून कमी रक्कम पुरली असती. साडेपाच लाख त्यांच्या हातात राहिले असते. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, घराचं छत गळायला लागलं, तर कोणाकडे हात पसरायला नको. आणि ते पैसे लागलेच नाहीत, साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षं तसेच वाढले, तर करापूर्वी साडेएकोणीस लाखांच्या घरात जातात. म्हणजे पुतण्यालाही जवळपास तेच मिळालं असतं, फक्त मधली वीस वर्षं ती रक्कम वहिनींच्या ताब्यात राहिली असती. आज त्यांना करार मोडता येतो, पण हातात पूर्ण वीस लाख येत नाहीत. म्हणून आम्ही तसाच चालू ठेवला आहे.

दुसरी बाजू मला नाकारायची नाही. अ‍ॅन्युइटी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी माणूस गेला आणि घरच्यांच्या हाती काही लागलं नाही, तर ते पाहवत नाही. मी कार्यालयात अशा लोकांसमोर बसलो आहे. पण त्या भीतीवर मधला मार्ग आहे. दहा किंवा पंधरा वर्षं हमखास आणि त्यानंतर जिवंत असेपर्यंत, असा पर्याय बहुतेक कंपन्यांकडे असतो. माणूस लवकर गेला तर उरलेल्या वर्षांचं पेन्शन नॉमिनीला मिळत राहतं. सहासष्टाव्या वर्षी दहा वर्षांची अशी हमी घेतली तर दरात थोडीच घट येते. नवराबायको दोघं असतील तर दोघांपैकी शेवटचा असेपर्यंत चालणारा पर्याय घ्यावा. बायको वयाने बरीच लहान असेल तर दर खाली येतो, पण तो खर्च योग्य कामावर होतो. आणि घरात कायम परावलंबी मूल असेल तर रक्कम परत मिळणारा रकानाच बरोबर. वहिनींच्या घरी यातलं काहीच नव्हतं, आणि ते कोणी विचारलंही नाही.

मुद्दल परत न मिळणाऱ्या पर्यायाची मर्यादाही सांगायला हवी. तो एकदा घेतला की मोडता येत नाही, त्यामुळे सगळी जमा त्यात कधीच घालू नये. पेन्शन ठरावीक असतं, महागाई थांबत नाही. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर आजच्या पंधरा हजारांची वीस वर्षांनी किंमत साडेपाच-पावणेसहा हजारांएवढीच राहते. नॉमिनीला मिळणाऱ्या वीस लाखांनाही हाच नियम लागू आहे, त्यांची किंमत साडेसात लाखांएवढी उरेल. शिवाय पेन्शनवर कर लागतो तो पूर्ण रकमेवर. आपलंच मुद्दल त्यातून थोडं थोडं परत येत असलं तरी.

म्हणून माझी विनंती अशी. ठेवींच्या चौकटीशेजारी महिन्यातून एकदा तीन-चार कंपन्यांचे अ‍ॅन्युइटी दर छापावेत. साठ, पासष्ट आणि सत्तर ही तीन वयं पुरेत. प्रत्येक वयासमोर दोन आकडे असावेत, रक्कम परत मिळणारा आणि न मिळणारा. आणि शेवटच्या रकान्यात त्या दोन आकड्यांमधला फरक दहा लाखांमागे वर्षाला किती रुपये होतो, ते लिहावं. टक्केवारी पाहून वहिनींनी बोट ठेवलं होतं. पन्नास हजार रुपये हा आकडा समोर असता तर त्यांनी सही करण्याआधी मला फोन केला असता.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी, मिरज