व्हॅक्यूम ब्रेकरचा वेग मोटरला नडतो तेव्हा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत सर्किट ब्रेकरवर आलेला लेख वाचला. संपर्क सुटताना त्यांच्यात पेटणारी आर्क व्हॅक्यूम ब्रेकर एसएफ६, म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड, वायूच्या ब्रेकरपेक्षा लवकर विझवतो, म्हणून वायूचे ब्रेकर काढून सगळीकडे व्हॅक्यूमच बसवावेत, असा त्याचा सूर होता. एसएफ६ची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त आहे, तेव्हा वायूला पर्याय हवा याबद्दल माझं दुमत नाही. पण 'लवकर विझवतो, म्हणून चांगला' हा तर्क अर्धवट आहे. मध्यम व्होल्टेजच्या मोटरवर काम केलेल्यांना तो नक्की खटकला असेल.

आर्क विझते ती प्रवाह शून्यातून जातो त्या क्षणी, आणि हे दोन्ही ब्रेकरच्या बाबतीत खरं आहे. फरक पडतो तो त्यानंतरच्या काही मायक्रोसेकंदांत. व्हॅक्यूममधली आर्क म्हणजे संपर्कांच्याच तांबे-क्रोमियम धातूची वाफ. प्रवाह शून्यावर आला, की नवी वाफ येणं थांबतं आणि असलेली वाफ संपर्कांवर आणि भोवतालच्या धातूच्या कवचावर जाऊन गोठते. संपर्कांमधली फट लगेच रिकामी होते. वायूच्या ब्रेकरमध्ये मात्र शून्याच्या वेळीही फटीत गरम वायूची बारीक वाट उरलेली असते. नोझलमधून येणाऱ्या झोताने ती थंड करावी लागते, आणि तेवढ्यात व्होल्टेज चढू लागलं तर ती पुन्हा पेटू शकते. म्हणूनच ब्रेकरपासून थोड्या अंतरावर लाइनवर झालेला दोष वायूच्या ब्रेकरला सर्वात अवघड जातो, कारण तिथे व्होल्टेज फार झपाट्याने चढतं. इथवर व्हॅक्यूमचीच सरशी आहे.

आता ६.६ किलोव्होल्टची एक पंपाची मोटर घ्या. सुरू होताना ती ४०० अँपिअर प्रवाह घेते. पंप अडकलेला आहे, रिलेने ट्रिप दिली आणि मोटर वेग घेण्याआधीच ब्रेकर उघडला. अशा वेळी मोटरचं इंडक्टन्स प्रत्येक फेजला साधारण ३० मिलिहेन्री भरतं. केबल आणि वाइंडिंग मिळून कपॅसिटन्स २० नॅनोफॅरड धरू. या जोडीची नैसर्गिक वारंवारता साडेसहा किलोहर्ट्‌झच्या आसपास येते, म्हणजे प्रवाह तुटल्यावर फटीवर चढणारं रिकव्हरी व्होल्टेज ७५-८० मायक्रोसेकंदांतच शिखराला पोचतं. आधी तुटणाऱ्या फेजवर हे शिखर दहा किलोव्होल्टच्या बरंच वर जातं.

समजा, योगायोगाने संपर्क शून्याच्या फक्त ०.१ मिलिसेकंद आधी सुटले. एक मीटर प्रतिसेकंद वेगाने फट तेव्हा ०.१ मिलिमीटर झालेली असते. इतक्या बारीक फटीत व्हॅक्यूमची ताकद मिलिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट धरली, तरी त्या क्षणी ती सोसणार तीन किलोव्होल्ट, आणि व्होल्टेज शिखराला पोचेपर्यंत फार तर साडेपाच. व्होल्टेज त्याच्या पुढे गेलं, की फट फुटते आणि केबलच्या कपॅसिटन्समधून शेकडो किलोहर्ट्‌झचा प्रवाह सुटतो.

खरी मेख इथे आहे. २५ किलोअँपिअरचा दोषप्रवाह ५० हर्ट्‌झला शून्य ओलांडतो तो मायक्रोसेकंदाला ११ अँपिअरच्या उताराने. या नव्या प्रवाहाचं शिखर ३०० अँपिअर आणि वारंवारता २०० किलोहर्ट्‌झ असेल, तर उतार ३७५ अँपिअरच्या पुढे जातो. वायूच्या ब्रेकरला इतक्या तीव्र उताराचा प्रवाह सहसा तोडता येत नाही. तो हात टेकतो, आर्क पेटती राहते, आणि पुढचा नेहमीचा शून्य दहा मिलिसेकंदांनी येतो. तोवर फट चांगली मोठी झालेली असते आणि काम एकदाच, शांतपणे उरकतं. व्हॅक्यूम मात्र तो उच्च वारंवारतेचा प्रवाहही तोडून टाकतो. मग व्होल्टेज पुन्हा चढतं, फट पुन्हा फुटते, व्हॅक्यूम पुन्हा तोडतो. दर फेरीला फट थोडी वाढलेली असल्यामुळे फुटण्याचं व्होल्टेजही दर फेरीला वरचं. तरण्याबांड बैलाने गाडी खड्ड्यातून काढावी आणि त्याच जोरात पुढच्या खड्ड्यात घालावी, तसं हे चालतं. शिवाय हा प्रवाह शेजारच्या फेजमध्ये शिरून तिथला मोठा प्रवाहही जबरदस्तीने शून्यावर आणू शकतो. त्यापुढे शून्याच्या थोडं आधीच, तीन-पाच अँपिअरवर, प्रवाह तुटण्याचं नेहमीचं 'चॉपिंग' किरकोळ ठरतं.

मोटरचं नुकसान होतं ते नुसत्या व्होल्टेजच्या उंचीने नव्हे. प्रत्येक वेळी फट फुटते तेव्हा मायक्रोसेकंदाच्याही आत चढणारी लाट मोटरवर आदळते आणि तिचा बहुतेक भार वाइंडिंगच्या पहिल्याच कॉइलवर पडतो. म्हणून अशा मोटरमध्ये टर्मिनलजवळच्या कॉइलचे वेढे आपसांत शॉर्ट झालेले सापडतात. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर जमिनीशी इन्सुलेशन ठणठणीत दाखवतो, त्यामुळे मोटरवाला वाइंडिंगवाल्याला दोष देतो आणि वाइंडिंगवाला ब्रेकरवाल्याला. सर्ज कम्पॅरिझन चाचणीत तिन्ही फेजच्या लहरी एकमेकींवर बसल्या नाहीत, तर दुखणं वेढ्यांमध्ये आहे हे कळतं. हीच मोटर पूर्ण वेगात असताना बंद केली, तर तिचा स्वतःचा व्होल्टेज काही काळ टिकून असल्यामुळे ब्रेकरवर फारसं काही येत नाही. धोका आहे तो सुरू होत असताना ट्रिप होण्यात, आणि तोही मुख्यतः सुरुवातीचा प्रवाह साधारण ६०० अँपिअरच्या आत असलेल्या मोटरना.

यावर उपाय आहे. मोटरच्या टर्मिनलपाशी प्रत्येक फेजला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याशी ओळीत योग्य रेझिस्टर लावला, की वरच्या उदाहरणातली वारंवारता साडेसहावरून अडीच-पावणेतीन किलोहर्ट्‌झवर येते, म्हणजे व्होल्टेज सावकाश चढतं. रेझिस्टरमुळे उच्च वारंवारतेचा प्रवाह इतका दबतो, की त्याला शून्यच मिळत नाही, आणि व्हॅक्यूमला मधेच तोडायलाही काही उरत नाही. बरेच जण नुसता सर्ज अरेस्टर लावून मोकळे होतात. तो लाटेची उंची कापतो, तिचा चढ कमी करत नाही, आणि पहिली कॉइल मरते ती चढामुळे.

लेखात राहून गेलेली आणखी एक गोष्ट. किती लवकर सावरतो, हा एक प्रश्न झाला. सावरल्यावर किती व्होल्टेज सोसतो, हा दुसरा. व्हॅक्यूममधली फट काही मिलिमीटरच्या पुढे नेली, की दुप्पट फटीला दुप्पट ताकद मिळत नाही, कारण फुटण्याची सुरुवात संपर्कांच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म टोकांपासून होते. दाबाखालच्या एसएफ६ला हा अडसर इतका जाचत नाही. १४५ किलोव्होल्टचे व्हॅक्यूम ब्रेकर आज मिळतात, पण ४०० किलोव्होल्टच्या यार्डात अजून वायूचंच राज्य आहे ते यामुळे. कपॅसिटर बँक तोडतानाही हाच प्रश्न निघतो. तिथे व्होल्टेज सावकाश चढतं, अर्ध्या आवर्तनाने शिखराच्या दुपटीला पोचतं आणि मग दर आवर्तनाला पुन्हा तिथे येत राहतं. व्हॅक्यूममधली फट अशा वेळी कधीकधी शून्यानंतर कित्येक मिलिसेकंदांनी फुटते.

तेव्हा जुना वायूचा ब्रेकर काढून त्याच पॅनेलमध्ये व्हॅक्यूमचा बसवणाऱ्याने फक्त व्होल्टेज आणि किलोअँपिअरचे आकडे जुळवून चालणार नाही. पलीकडे किती लांबीची केबल आहे, मोटर सुरुवातीला किती प्रवाह घेते आणि ती सुरू होताना ट्रिप होण्याचा संभव किती, हे त्याने ऑर्डर देण्याआधी विचारावं, आणि वरच्या कपॅसिटर-रेझिस्टरचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

आपला,
एक विद्युत अभियंता