नानांच्या पावत्यांचा हिशेब

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस, "बँकेशी एवढं काय भांडलास?" भांडण असं झालंच नाही रे. हिशेब झाला. पण तो फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नानांच्या कपाटात मुदत ठेवीच्या दोन पावत्या निघाल्या, नॉमिनी मी. दोन्ही 1 ऑक्टोबर 2016 च्या, दोन्ही 50,000 रुपयांच्या, दर 7 टक्के. एक तीन वर्षांची, दुसरी पाच. नाना गेले नोव्हेंबर 2020 मध्ये, म्हणजे पहिलीची मुदत संपून गेल्यावर आणि दुसरीची संपायच्या आधी. सगळी मेख इथेच होती, पण ती नंतर कळली.

तीन वर्षांच्या पावतीच्या पाठीवर नानांनी पेन्सिलीनं आकडे मांडले होते: 50,875, मग 51,765, मग 52,671. तिमाहीचं व्याज तिमाहीलाच मुद्दलात मिळवत गेलेले. बँक असंच करते. वर्षाचे 7 टक्के म्हणजे तिमाहीला 1.75, आणि तीन वर्षांत असे बारा फेरे. मी एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=50000*(1+7/400)^12
```

61,572 आले. पावतीवरही तेवढेच छापलेले. वर्षाला एकदाच चक्रवाढ धरली तर 61,252 येतात. त्या 320 रुपयांच्या फरकावरून लोक उगाच बँकेला चोर ठरवतात. पाच वर्षांच्या पावतीला 12 च्या जागी 20 घातले की 70,739.

इथपर्यंत सगळं जुळलं. घोळ मुदतीनंतरच्या व्याजाचा. आम्ही पैसे मागायला गेलो ऑक्टोबर 2023 मध्ये. धाकट्याचं म्हणणं, ठेव बँकेतच पडून होती, तर 7 टक्क्यांची चक्रवाढ पुढे चालूच राहणार. त्याच्या हिशेबानं नुसत्या पहिल्या पावतीचे 81,000 च्या वर होत होते. पण मुदत संपली की करार संपला. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असती तर गोष्ट वेगळी. मी दोन्ही पावत्या आणि ठेवीचा अर्ज उलटसुलट करून पाहिला, तशी सूचना कुठेच नव्हती.

बँकेनं दोन्ही रकमांना मुदतीनंतर बचत खात्याचा दर लावला. पहिलीला ते बरोबरच होतं. ठेवीदार मुदतीनंतर वारला असेल तर मुदतपूर्तीच्या दिवशीचा बचतीचा दर मिळतो, तो त्या वेळी 3.5 होता. चार वर्षांचे सरळव्याजानं 8,620. एकूण 70,192. धाकटा हिरमुसला, पण करणार काय!

दुसरीचं मात्र मला खटकलं. तिथेही बचतीचाच दर, 2.7, दोन वर्षांचे 3,820. काउंटरवरच्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं 2 जुलै 2021 चं परिपत्रक सांगितलं: मुदत संपून न उचललेल्या ठेवीला बचतीचा दर किंवा ठरलेला दर, यांतला कमी असेल तो. परिपत्रक खरं, पण तो सर्वसाधारण नियम. त्यांच्याच बँकेच्या ठेव धोरणात मृत ठेवीदारांसाठी वेगळं कलम होतं (बऱ्याच बँकांच्या धोरणात असतं): ठेवीदार मुदतीच्या आत वारला आणि वारसांनी पैसे नंतर मागितले, तर मुदतीपर्यंत ठरलेला दर, आणि पुढे पैसे जितका काळ बँकेत राहिले तितक्या मुदतीच्या ठेवीला मुदतपूर्तीच्या दिवशी जो दर होता, त्यानं सरळव्याज. 1 ऑक्टोबर 2021 ला दोन वर्षांचा त्यांचा दर होता 5.1. म्हणजे 70,739 वर 7,215. फरक 3,395 रुपयांचा.

मी धोरणाचं ते पान छापून नेलं, त्याला मृत्यू दाखल्याची प्रत जोडली आणि दाखल्यावरच्या व पावतीवरच्या तारखेखाली लाल रेघ ओढली. बाईंनी दोन्ही तारखा बोटानं दाखवत मॅनेजरना विचारलं. संगणकात "मुदत संपलेली ठेव" एवढीच नोंद होती. मृत्यूची तारीख कुणी भरलीच नव्हती. रागवावं असं त्यात काही नव्हतं. सुधारित रक्कम 77,954 लागली.

धाकटा अजून म्हणतो, तू बँकेची बाजू घेतलीस. पहिल्या पावतीपुरती घेतली, हे खरंच आहे.

तुझ्या काकांच्या पावत्या तू म्हणालास तशा खूप जुन्या असतील, तर आधी मुदतपूर्तीची तारीख पाहा. त्यानंतर दहा वर्षं कुणी हात लावला नसेल, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत गेलेली असणार. पैसे बुडत नाहीत, मागणीही आपल्याच बँकेकडे करायची. फक्त निधीत गेल्यापासूनचं व्याज वेगळं धर: 11 मे 2021 पासून 3 टक्के, तेही सरळ. त्याच्या आधीच्या काळाला 3.5 आणि जून 2018 पर्यंत 4. पावत्यांचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे.

तुझा,
विन्या