फलकावर तारीखही हवी

‘दिवाळीत दुकाने रात्री उशिरापर्यंत’ ही बातमी वाचली. वाढीव वेळ सोयीची आहे, पण तिच्या फलकाबद्दल तक्रार आहे. २०१७ च्या राज्य कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. त्यामुळे वेळ मालकच ठरवतो आणि गिऱ्हाइकाला आधार उरतो तो शटरवरच्या कागदाचाच. आमच्या पेठेतल्या एका कापड दुकानावर ‘दिवाळीनिमित्त सकाळी १० ते रात्री १०’ एवढेच लिहिले होते. लक्ष्मीपूजनाला साडेपाचलाच पूजेसाठी विक्री थांबली. पायरीवर झेंडूची तोरणे, आत वहीपूजनाची मांडणी, आणि बाहेर सदरा बदलून घ्यायला आलेले आम्ही चौघे. पूजेबद्दल कोण कुरकुर करील? पण ती वेळ आधीच ठाऊक असते, मग लिहायला काय हरकत होती? बरे, अदलाबदल रोज सातपर्यंतच, हेही तिथेच कळले. तोच कागद तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच होता, दुकान मात्र केव्हाच साडेआठला बंद होऊ लागले होते. वेळ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, लक्ष्मीपूजन व पाडव्याला काय आणि अदलाबदल किती वाजेपर्यंत, एवढे तीन ओळींत मावते. व्यापारी संघाने तसा एक नमुना छापून सभासदांना द्यावा.

– एक ग्राहक, सातारा